पीओ आला, पण काम सुरू केलं नाही

आमच्या कोटेशनची व्हॅलिडिटी संपायच्या दिवशी, दुपारी, क्लायंटचा मेल आला: "आपल्या कोटेशननुसार ऑर्डर देत आहोत. पीओ सोबत जोडला आहे." पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, बघून आमच्या विक्री विभागात टाळ्या वाजल्या. साहेब खाली उत्पादन विभागाला फोन लावत होते. मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं थांबा, पीओ वाचू द्या." ते म्हणाले, "अरे, रक्कम तीच आहे, नंबर तोच आहे, आता वाचायचं काय?"

आम्ही इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवतो आणि कोटेशन काढणं हे माझं काम. या कोटेशनचा मेल मीच लिहिला होता. दर, तांत्रिक तपशील वगैरे जोडपत्रात होतं, पण चार गोष्टी मी मेलच्या मजकुरातच टाकल्या होत्या. जोडपत्र उघडणारा माणूस आणि ऑर्डर मंजूर करणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. त्या ओळी अशा होत्या, आणि त्यांतलं कमिशनिंग म्हणजे पॅनेल साइटवर चालू करून देणं:

"कामात पॅनेलची बांधणी, आमच्या कारखान्यातली चाचणी आणि साइटवर कमिशनिंग समाविष्ट. इनकमिंग केबल, पाया आणि साइटवर माल उतरवणं समाविष्ट नाही. दर २० तारखेच्या कार्यालयीन वेळेपर्यंत ग्राह्य. दरात कर धरलेला नाही. इन्व्हॉइसच्या तारखेला लागू असलेल्या दराने तो वेगळा आकारला जाईल. पेमेंट: ऑर्डरसोबत ४० टक्के, कारखान्यातल्या चाचणीनंतर माल पाठवण्यापूर्वी ५० टक्के, उरलेले १० टक्के कमिशनिंगपासून ३० दिवसांत किंवा माल पाठवल्यापासून ९० दिवसांत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा."

पीओच्या पहिल्या पानावर खरंच आमचा कोटेशन नंबर होता आणि रक्कमही आकड्याला आकडा तीच. खाली बारीक टाइपात मात्र लिहिलं होतं: काम सर्व दृष्टीने परिपूर्ण, रक्कम सर्व करांसह, ॲडव्हान्स नाही, पूर्ण पेमेंट समाधानकारक कमिशनिंगनंतर ६० दिवसांनी.

साहेबांना पटवायला मी कागदावर हिशेब मांडला. आमची रक्कम १०० धरू आणि कराचा दर सोयीसाठी २० टक्के. आमच्या कोटेशनप्रमाणे बिल १२० चं होतं. १०० आमचे, २० कराचे. पीओप्रमाणे १०० मध्येच कर आहे, म्हणजे १०० भागिले १.२, आमच्या हातात राहतात ८३.३३. आमचा खर्चच ८५ च्या आसपास होता. इथे घाईत १०० मधून २० वजा करून ८० म्हणणारे भेटतात. तेही चूकच, कारण कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. बरोबर आकडा धरला तरी ऑर्डर तोट्यातच होती, आणि 'सर्व दृष्टीने परिपूर्ण' या तीन शब्दांत ती इनकमिंग केबल आमच्या गळ्यात येणार होती, ती वेगळीच.

पेमेंटची अट त्याहून वाईट. कमिशनिंगसाठी त्यांची इमारत उभी हवी, वीज आलेली हवी. यातलं काहीच आमच्या हातात नव्हतं. इमारत वर्षभर रखडली तर आमचे पैसे वर्षभर रखडणार, आणि 'समाधानकारक' कोण ठरवणार हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या ओळीत '९० दिवस' घातले होते ते याच भीतीने.

साहेब म्हणाले, "काम सुरू करू, अटी नंतर बोलू. आज नाही म्हटलं तर व्हॅलिडिटी संपेल." मला नेमकी भीती काम सुरू करण्याचीच होती. प्रस्तावाला 'हो, पण' असं उत्तर आलं की ते स्वीकृती नसते, उलट प्रस्ताव असतो. आपण त्यावर काही न बोलता पॅनेलसाठी तांबं कापायला घेतलं, तर आपल्या कृतीवरूनच त्यांच्या अटी आपण मान्य केल्या असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. ॲडव्हान्सचं बिल पाठवून भागेल असंही साहेबांनी सुचवलं. पण नुसतं बिल पाठवण्यात 'तुमच्या अटी मान्य नाहीत' हे कुठेच येत नाही.

म्हणून मी त्याच दुपारी उत्तर पाठवलं. पीओबद्दल आभार मानले आणि पीओ आमच्या कोटेशनशी चार जागी जुळत नाही हे सांगितलं. प्रत्येक जागी आमची ओळ आणि त्यांची ओळ शेजारी शेजारी ठेवली. शेवटी लिहिलं, "या फरकांसह ऑर्डर आम्ही स्वीकारलेली नाही. दुरुस्त पीओ मिळेपर्यंत काम सुरू होणार नाही." मसुद्यात साहेबांनी 'कृपया विचार व्हावा' असं घातलं होतं, ते मी काढलं. विनंती आणि नकार एकाच वाक्यात घातले की वाचणारा विनंतीच वाचतो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या खरेदी विभागातल्या मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता. "ठीक आहे, तुमच्या मूळ कोटेशनप्रमाणेच पीओ काढते. आता अडचण नाही ना?" अडचण होती. २० तारीख उलटली होती. आमच्या पॅनेलमधल्या बसबार, म्हणजे आत वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या, तांब्याच्या असतात, आणि आमच्या सप्लायरने तांब्याचा दर त्याच तारखेपर्यंत धरून ठेवला होता. व्हॅलिडिटीची तारीख मी त्याच्या तारखेवरूनच घेतली होती. मधल्या काळात तांबं चढलं होतं.

"पण आम्ही तर मुदतीत ऑर्डर दिली होती," त्या म्हणाल्या. हा मुद्दा जुना आहे. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या इंग्लंडमधल्या खटल्यात विकणाऱ्याने १,००० पौंडांना शेत देऊ केलं, घेणाऱ्याने ९५० म्हटलं, नकार आल्यावर तो म्हणाला, बरं, १,००० देतो. न्यायालयाने सांगितलं की ९५० म्हणताच पहिला प्रस्ताव संपला. तो घेणाऱ्याला एकतर्फी जिवंत करता येत नाही. प्रत्येक देशाचा कायदा शब्दशः असाच असेल असं नाही, आणि फोनवर क्लायंटला खटले ऐकवणं हा तर मूर्खपणा. मी एवढंच म्हटलं, "मॅडम, तो पीओ आमच्या कोटेशनवरचा नव्हता. तांब्याची ओळ सोडून बाकी सगळे दर मी तसेच ठेवतो. ती एकच ओळ आजच्या दराने येईल."

सुधारित कोटेशन मी जुन्याच नंबरला R1 जोडून पाठवलं आणि मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की आधीचं कोटेशन यामुळे रद्द होत आहे. हे लिहिलं नाही तर लोक दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलतात: दर जुना, मुदत नवी. तांब्याच्या ओळीत जुना दर, नवा दर आणि किलोमधलं वजन उघडं दाखवलं. एरवी आम्ही वजन दाखवत नाही. पण इथे वाढ नफ्यातली नाही, मालातली आहे, हे त्यांना वर मंजुरीला पाठवताना सिद्ध करायचं होतं. केबलसाठी त्यांनी वेगळा दर मागितला, तो पर्यायी ओळ म्हणून बेरजेबाहेर ठेवला.

पीओ R1 च्या संदर्भाने आला. या वेळी मागच्या बारीक अटींवर त्यांनी एक वाक्य छापलं होतं: विसंगती असल्यास कोटेशन R1 ग्राह्य. ॲडव्हान्स जमा झाल्यावर साहेबांनी स्वतः खाली फोन केला.

इमारत अर्थातच रखडली. पॅनेल प्लास्टिक गुंडाळून त्यांच्या गोदामात उभी होती तेव्हा ९० दिवस भरले आणि शेवटच्या १० टक्क्यांचं बिल मी पाठवलं. त्यांच्या हिशेब विभागाने विचारलं, "कमिशनिंग कुठे झालंय?" मी R1 मधली 'यांपैकी जे आधी' ही ओळ आणि माल पाठवल्याची पावती जोडून परत पाठवली. पैसे आले. कमिशनिंग अजून बाकी आहे आणि ते आम्हालाच करून द्यायचं आहे.