नीलमाचा रंग आणि शनी

"न लुकलुकणारा तो ग्रह, एवढंच ना?"

एवढंच असतं तर 2012 च्या मे महिन्यात पन्हाळ्यावर माझी फजिती झाली नसती.

नियम खोटा नाही. तारा इतका लांब की आपल्याला तो निव्वळ बिंदू. हलत्या हवेतून येताना त्या एका बिंदूचा उजेड थरथरतो. ग्रहाला मात्र बारीकशी चकती असते. तिच्या प्रत्येक कणाचा उजेड वेगवेगळा थरथरतो आणि एकूण चढउतार बुजून जातात. पण हे चालतं मधल्या उंचीवर. क्षितिजाजवळ हवेचा थर इतका जाड, की मावळता शुक्रही लखलखतो. आणि खूप वर, शांत हवेत, तारेसुद्धा गप्प बसतात.

त्या रात्री नऊच्या सुमारास तेच झालं. आग्नेयेला चांगल्या उंचीवर दोन ठिपके, हात लांब केला तर मध्ये तीन बोटं मावतील एवढं अंतर. एक चित्रा, एक शनी. दोन्ही स्थिर. ग्रह सूर्याच्या वाटेच्या आसपासच सापडतात, पण चित्राही त्या वाटेलगतच, त्यामुळे तीही खूण बाद. वरचा पिवळसर आणि जास्त तेजस्वी, खालचा निळसर. मी ठामपणे खालचा शनी ठरवला. का? तर शनीचं रत्न नीलम! शिवाय चित्रा एवढं नावाजलेलं नक्षत्र, म्हणजे जास्त तेजस्वी तीच असणार.

मागून आणलेली दुर्बीण खालच्यावर लावली. आधी मामांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"कडं कुठाय गं?"

"नीट बघा, बारीक असतं."

"ठिपकाच हाय की ओ पोरी."

मागे रांगेत चौदा माणसं. मी फोकस फिरवत राहिले, दुर्बिणीला दोष दिला, हवेला दिला. शेवटी शेजारच्या मुलानं न विचारता नळी वर सरकवली आणि ओरडला, "ह्ये बघा कडं!" मामा आजही लग्नाकार्यात विचारतात, "शनी सापडला का?"

तेव्हाची मी म्हणेल, दोन्ही स्थिर असताना ओळखायचं तरी कसं? रंगावरून, बाई! शनी फिकट पिवळा, चित्रा निळसर पांढरी. रत्नांचा तक्ता घरी ठेवायचा. रंग कळत नसेल तर आसपासच्या ताऱ्यांसह जागा कागदावर काढायची आणि महिन्यानं पुन्हा बघायची. चित्रा जागची हलत नाही. शनी सरकतो, पण जेमतेम बोटभर, आठवड्यात काहीच कळत नाही. गर्दी उभी असताना या उपायाचा उपयोग शून्य, हे मान्य.

परवा रंकाळ्यावर एकीनं पश्चिमेला बोट दाखवून विचारलं. पाण्यालगत काहीतरी लाल-हिरवं लखलखत होतं. मी म्हटलं, "अर्धा तास आधी यायला हवं होतं." खरं तर मला खात्री नव्हती.