डोळ्यापुढचा केस

श्रावणातली गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका गावात पाच-सहा उंदीर मेले आणि त्याच आठवड्यात चार घरांतल्या माणसांचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पिसवांनी फोडून काढले. उपकेंद्रातून आमच्याकडे एक काचेची बाटली आली. तळाशी स्पिरिटमध्ये काळपट तपकिरी चौतीस पिसवा होत्या. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: पाच उंदीर पकडले, चौतीस पिसवा मिळाल्या, दर उंदरामागे 6.8.

हा आकडा वाचून मला धस्स झालं. उंदरावरच्या पिसवांच्या मोजणीत ‘झेनोप्सिला केओपिस’ या प्लेग पसरवणाऱ्या उंदरावरच्या पिसूचं प्रमाण दर उंदरामागे एकच्या वर गेलं की धोक्याचा इशारा समजतात. इथे जवळजवळ सात. शिवाय 1994 साली बीड जिल्ह्यात उंदीर मरणं आणि पिसवांचा त्रास, असंच सुरू झालं होतं. आमचे डॉक्टर ते विसरलेले नव्हते. ते म्हणाले, “बाई, आज रात्रीपर्यंत सांगा. या सगळ्या उंदराच्याच आहेत का?”

मी आधी गावात गेले. बाटलीत किती पिसवा आहेत ते दिसतं, त्या कुठून आल्या ते दिसत नाही. आमचा शिपाई अण्णा सोबत होता. पहिल्याच घरात ओसरीच्या एका बाजूला शेळ्या बांधलेल्या, मध्ये कुडाची भिंत आणि पलीकडे माणसं झोपायची. शेळ्यांखालची लेंड्या-पाचोळ्याची गादी पावसाने ओलसर झालेली. मी पांढरे मोजे घालून तिथे दोन मिनिटं उभी राहिले, तर मोज्यांवर काळे ठिपके टपाटप चढले. घरातल्या आज्जी उंबऱ्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “बघा की वो, लेकरं रात्रभर खाजवत्यात. आमची आज्जी सांगायची, उंदीर पडले की गाव सोडून शेतात खोपी घालायची. आता आम्ही पण जायचं काय?”

हा प्रश्न त्यांनी गमतीने विचारलेला नव्हता. 1896 साली मुंबईत आलेला प्लेग थोड्याच काळात बेळगाव-धारवाडपर्यंत पोचला होता, आणि शेतातल्या त्या खोप्यांची आठवण इथल्या घराघरांत अजून आहे. मी म्हटलं, “आज्जी, उद्या सांगते.” याहून जास्त मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

उपकेंद्रात विचारपूस केल्यावर खरी अडचण कळली. पिंजऱ्यातल्या पाच उंदरांच्या पिसवा आणि शेळ्यांच्या गोठ्यातून वेचलेल्या पिसवा एकाच बाटलीत टाकल्या होत्या. चौतीस भागिले पाच या आकड्याला त्यामुळे काहीच अर्थ उरला नाही. मेलेल्या उंदरांवरून तर मोजणी होतच नाही, कारण अंग गार पडलं की पिसवा ते सोडून निघून जातात. आता एकच वाट होती, प्रत्येक पिसू भिंगाखाली घेऊन ती कोणत्या जातीची ते ठरवायची.

चांगल्या कामासाठी पिसवा दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये दिवसभर ठेवतात. आतलं रक्त-मांस विरघळून कवच पारदर्शक होतं आणि केस न् केस दिसतो. मला रात्रीपर्यंतच उत्तर हवं होतं, म्हणून आधी तशाच पिसवा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात आडव्या ठेवून पाहिल्या. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी असते, त्यामुळे ती आपसूक कुशीवर पडते आणि डोकं बाजूने दिसतं. ओळख पटवायला हीच बाजू लागते.

पहिला प्रश्न फणीचा. मांजराच्या पिसूला गालाच्या खालच्या कडेला सात-आठ जाड काळ्या दातांची ओळ असते, अगदी मिशीसारखी, आणि मानेमागे दुसरी ओळ आयाळीसारखी. तिचं डोकंही लांबट असतं, उंचीच्या जवळजवळ दुप्पट, कपाळ पुढे उतरत गेलेलं. नाव मांजराचं असलं तरी ती शेळी, कुत्रा, वासरू, माणूस कुणालाही चावते. कुत्र्याच्या पिसूलाही या दोन्ही फण्या असतात, पण तिचं कपाळ गोल आणि डोकं आखूड, आणि गालाच्या फणीतला पहिला दात दुसऱ्याच्या साधारण निम्मा. मांजराच्या पिसूचे पहिले दोन दात जवळपास सारख्या लांबीचे. उंदराच्या केओपिसला आणि माणसाच्या पिसूला या दोन्ही फण्यांपैकी एकही नसते.

पहिल्या फेरीत सव्वीस पिसवा फणीवाल्या निघाल्या, आठ बिनफणीच्या. लांबट डोकं आणि सारखे पहिले दोन दात बघून सव्वीसही मांजराच्या ठरल्या. मोज्यांवर चढलेल्या सगळ्या त्यांतल्याच होत्या. पोरांचे पाय कुणी फोडले हे तिथेच कळलं. अण्णा म्हणाला, “मग झालं की, डॉक्टरांना फोन करा.” मी त्याला थांबवलं. उरलेल्या आठ पिसवांनीच खरं उत्तर मिळणार होतं.

आठांतल्या एकीचं कपाळ मला खटकलं. बिनफणीच्या पिसूचं डोकं गोल दिसायला हवं, हिचं तर लांब होतं. सुईने पुढच्या पायाची मांडी अलगद मागे सारली आणि त्याखालून गालाची फणी बाहेर आली. पुढच्या पायांच्या मांड्या रुंद असतात. पाय पोटाशी ओढून मेलेल्या पिसूत त्या नेमक्या गालावर येतात आणि फणी झाकून टाकतात. रक्त पिऊन काळी झालेली पिसू असेल तर हे हमखास फसवतं. म्हणून फणी दिसली नाही की लगेच ‘नाही’ लिहायचं नाही, डोक्याचा आकार काय सांगतो ते बघायचं. सत्तावीस आणि सात, असा हिशेब दुरुस्त केला.

सातांतली एक अगदीच लहान होती, कपाळ टोकदार कोनासारखं, छातीचे तिन्ही भाग दाबून आखडलेले. ही कोंबडीच्या कातडीला चिकटून बसणारी पिसू. आज्जींच्या अंगणात कोंबड्या होत्याच. हिलाही फणी नसते, म्हणून ‘बिनफणीची म्हणजे उंदराची’ असं लिहिणाऱ्याची इथे चूक होते.

राहिल्या सहा. गोल डोकं, फणी नाही. आता त्या उंदराच्या की माणसाच्या, हे केसांवरून ठरवायचं होतं.

डोळ्याजवळ एक ठळक राठ केस असतो. केओपिसमध्ये तो डोळ्याच्या पुढे उगवतो, माणसाच्या पिसूत डोळ्याच्या खाली. डोक्याच्या मागच्या भागात केओपिसला केसांच्या ओळी असतात, त्या मिळून ‘व्ही’सारखी आकृती दिसते. माणसाच्या पिसूला तिथे एकच मोठा केस. पाच पिसवांत डोळ्यापुढचा केस आणि मागची ‘व्ही’ दोन्ही स्वच्छ दिसले. पाचही उंदराच्या.

सहावीने मला रात्री साडेअकरापर्यंत बसवलं. तिच्या डोळ्याजवळचा केस मला डोळ्याच्या खाली वाटत होता, आणि मागच्या ओळींतला एकच केस शिल्लक होता. बाटलीत हिंदकळून बाकीचे तुटले असावेत. उपकेंद्राच्या कागदावर एका ओळीत ‘मानवी पिसू असण्याची शक्यता’ असंही लिहिलेलं होतं, कारण पिसवा माणसांना चावत होत्या. पण पिसू कोणाला चावली त्यावरून तिची जात ठरत नाही. भूक लागली की उंदराची पिसू माणसाला चावते, म्हणूनच तर तिची भीती.

या एकीने हिशेब बदलत होता. ती माणसाची असेल तर पाच उंदरांमागे उंदराच्या पाच पिसवा, म्हणजे बरोबर एक. ती उंदराची असेल तर सहा, म्हणजे 1.2, रेषेच्या वर.

तिला मी पोटॅशमध्ये टाकलं आणि घरी गेले. सकाळी घेतली तर कवच मधासारखं पारदर्शक झालेलं. पाण्याने धुऊन नव्या काचपट्टीवर ठेवली तेव्हा लक्षात आलं की रात्री ती तिरकी पडली होती, डोकं थोडं माझ्याकडे वळलेलं. त्यामुळे डोळ्यापुढचा केस डोळ्याखाली उतरल्यासारखा दिसला होता. आता सपाट ठेवल्यावर तो पुढेच होता. तुटलेल्या केसांच्या जागी बारीक गोल खळगे दिसत होते, तेही ‘व्ही’च्या ओळीत. केस तुटला तरी त्याचा खळगा राहतो, पण तो पारदर्शक कवचातच दिसतो. तरीही मी एका खुणेवर थांबले नाही. छातीच्या मधल्या भागाच्या बाजूला केओपिसमध्ये एक जाड उभी रेघ असते, ती त्या बाजूचे दोन भाग करते. माणसाच्या पिसूत ती नसते. ही रेघ कवचाच्या आतलीच, केसासारखी तुटून पडत नाही. दहाच्या भिंगाखाली ती काळी, सरळ दिसली. सहावीही उंदराचीच.

मग माद्यांचं पोट पाहिलं, कारण आपल्याकडे केओपिसची जवळची बहीण ‘अस्टिया’ही सापडते, आणि डोक्यावरून दोघी सहज वेगळ्या करता येत नाहीत. मादीच्या पोटात वीर्य साठवायची गडद रंगाची पिशवी असते. केओपिस आणि अस्टियात तिचा आकार वेगवेगळा असतो. सहांतल्या चारही माद्या केओपिस निघाल्या. उरलेल्या दोघा नरांच्या पुढे मी ‘झेनोप्सिला’ एवढंच लिहिलं.

डॉक्टरांना मी फोनवर म्हटलं, “सर, चौतीसांपैकी सत्तावीस मांजराच्या आहेत, पोरांना त्याच चावल्यात. उंदराच्या फार तर सहा, पण त्या उंदरांवरच्या होत्या की जमिनीवरच्या, हे या बाटलीवरून सांगता येत नाही. 6.8 खोडा. 1.2 सुद्धा छापू नका. उंदीर पुन्हा पकडायला हवेत.”

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग गावाला काय सांगू?”

“गोठ्यातली गादी काढून जाळायला सांगा, जमीन कोरडी करून औषध मारू. आणि उंदराचं विष आज कुणी टाकू नका म्हणावं.”

हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. विष खाऊन उंदीर मेला की त्याच्या पिसवा उपाशी होऊन बाहेर पडतात आणि जवळ असेल त्या अंगावर चढतात. आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशकाची भुकटी टाकून पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. चौकशीत निघालंच, पलीकडच्या घरातल्या एकाने भाताच्या कणगीपाशी विषाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. उंदीर मेले ते बहुधा त्यानेच. तरी मेलेल्या उंदरांचे नमुने तपासणीला पाठवले, कारण पिसूची जात कळली म्हणून आजार आहे की नाही ते कळत नाही.

दोन रात्री आम्ही वीस पिंजरे लावले, आत भाकरीच्या तुकड्याला शेंगदाण्याचं तेल. सात घरउंदीर आणि एक चिचुंद्री मिळाली. चिचुंद्री उंदीर नव्हे, तिचा हिशेब वेगळा ठेवला. या वेळी प्रत्येक उंदीर वेगळ्या पांढऱ्या कापडी पिशवीत, पिशवीवर घराचा नंबर, आणि पांढऱ्या ट्रेमध्ये फणीने विंचरलेल्या पिसवा ज्याच्या त्याच्या बाटलीत. सात उंदरांवर केओपिस सहा आणि मांजराच्या दोन. सहा भागिले सात म्हणजे 0.86.

तपासणीत प्लेग निघाला नाही. आज्जींना सांगायला गेले तेव्हा गोठा रिकामा होता, शेळ्या अंगणात बांधलेल्या, जमीन शेणाने नव्याने सारवलेली. मी म्हटलं, “आज्जी, शेतात जायचं नाही. पण उंदीर मेलेला दिसला तर हात लावू नका, आम्हाला कळवा.” त्यांनी धाकट्या नातवाचा पाय पुढे ओढून दाखवला. जुने डाग वाळले होते, नवीन एकही नव्हता.