कुणाचं गं हे बाळ?

फोंड्याच्या आमच्या वहिनीला गेले काही महिने अधूनमधून एकच स्वप्न पडतं. कदंब बसस्टँडच्या बाकड्यावर टॉवेलात गुंडाळलेलं एक अनोळखी मूल रडत असतं, वहिनी ते उचलते आणि तिची बस सुटते.

पहिली शंका मी मांजरावर घेतली. रात्री माजलेल्या बोक्यांचं ओरडणं थेट तान्ह्या मुलासारखं असतं, आणि पहाटेच्या स्वप्नाळू झोपेत बाहेरचा आवाज स्वप्नात शिरतो. पण वहिनी म्हणाली, "भावजी, वाड्यावर बोका नाही, नि खिडकी बंद असते."

मग मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग आठवला. मुलाच्या प्रतिमेवर त्यानं 1940 मध्ये एक मोठा निबंध प्रसिद्ध केला, त्यात टाकून दिलेलं मूलही येतं. स्वप्नातलं माणूस बाहेरचं न धरता स्वप्न पाहणाऱ्याचाच एक भाग धरून पाहावं, असं तो सुचवतो. त्याच्या वाटेनं जाणारे काही जण मुलाचं वय विचारतात आणि तेवढ्याच काळापूर्वी काय सुरू झालं किंवा सुटलं ते आठवायला सांगतात. मी विचारलं. "सातेक महिन्यांचं असेल, खालचे दोन दात आलेले," वहिनी चटकन म्हणाली आणि गप्प झाली. त्याच सुमारास मामंजींनी अंथरूण धरलं होतं आणि तिची पेटीची शिकवणी बंद पडली होती.

जुळलं म्हणून मी खूश झालो. पण इतकं चपखल जुळलं की मला जरा संशयच येतो. सात महिन्यांत कुणाचं काय सुटत नाही? शिवाय ज्या बाईची कूस नुकतीच रिकामी झाली असेल किंवा जिच्या कुशीत खरंच तान्हं असेल, तिच्या स्वप्नातलं मूल बहुधा मूलच असतं. तिथं ही हुशारी पाजळू नये.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या तपशिलाची. मूल उचलून वहिनी करते काय? दूध शोधत नाही, थोपटत नाही. कंडक्टरला, भाजीवालीला, शेवटी पोलिसाला विचारत सुटते, "कुणाचं हे?" म्हणजे वाचवायची ओढ आहे खरी, पण ती योग्य माणसाच्या हवाली करण्याची.

हजारो स्वप्नं गोळा करणाऱ्या कॅल्व्हिन हॉलचं म्हणणं असं, की दिवसाच्या काळज्याच रात्रीही चालू राहतात. वहिनीचा दिवस तसाच जातो: मामंजींची औषधं, नणंदेचे बँकेचे कागद, शेजारणीच्या मुलाचा अर्ज. सगळं ज्याचं त्याला पोचवायचं. रडणारं आपलंही असू शकतं, हा प्रश्न तिच्या यादीत बसतच नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "पेटी आहे ना घरात?"

"ती? श्रावणात सप्ताहाला भजनी मंडळाला दिली," ती म्हणाली. "पडून कशाला राहायची? आता कुणाकडे आहे, देव जाणे."