डिंक्याच्या सत्रावरच्या चोवीस खुणा

संत्रा बागायतदारांच्या एकदिवसीय प्रशिक्षणानंतर अभिप्राय गोळा करणं हे माझं काम. आधी दहा प्रश्नांचा तक्ता होता, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे. सगळ्या सत्रांची सरासरी साडेचार गुणांच्या पुढेच असायची, जेवणाचीसुद्धा. पाहुणा म्हणून आलेला माणूस यजमानाला नापास करत नाही. वरिष्ठांना मात्र ही सरासरी फार आवडायची, अहवालात शोभते म्हणून.

मग मी ए-फोर कागदाचे चार तुकडे करून चिठ्ठ्या छापल्या. पहिला प्रश्न: वेळ कमी पडला तर कोणतं सत्र गाळावं? छाटणी, पाणी, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग, बाजार यांतल्या एकावरच खूण. दुसरा: पंधरा दिवसांत बागेत काय कराल? तिसरा: काय कळलं नाही? शेवटच्या दोन्हींना एकेकच ओळ. तीन ओळी आखल्या की लोक तीन ओळी भरतात, एक आखली की नेमकं लिहितात. नाव नाही, फक्त नोंदणी क्रमांक. चिठ्ठ्या चहाच्या आधी वाटायच्या, कारण चहानंतर काटोल-नरखेडची मंडळी बस धरायला निघतात. गोळा करायला खोका, वक्त्याचा हात नको.

नागपुरातल्या त्या कार्यक्रमात 53 चिठ्ठ्या आल्या. पहिल्या प्रश्नात डिंक्यावर 24 खुणा, बाकी तिन्ही सत्रं त्याच्या बरीच मागे. बैठकीत ते सत्र गाळायचं जवळपास ठरलंच. मी चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर पसरल्या, पण या वेळी प्रश्नवार बेरीज केली नाही; एकेक चिठ्ठी तीनही उत्तरांसकट वाचली. त्या 24 पैकी 17 जणांनी तिसऱ्या प्रश्नात एकच गोष्ट लिहिली होती: मोरचूद-चुन्याचं प्रमाण. वक्त्यांनी खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचं प्रमाण (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) आणि फवारणीच्या एक टक्का मिश्रणाचं (तेच दोन्ही, पण 100 लिटर पाण्यात) एका दमात सांगितलं होतं, फळ्यावर काहीच न लिहिता. यातल्या नऊ जणांनी दुसऱ्या प्रश्नात ‘खोडाला पेस्ट लावीन’ असंही लिहिलं होतं. एका काकांना फोन केला तर म्हणाले, "अहो साहेब, दहा का शंभर, तेच तर समजलं नाही ना! मंग ठेवून काय करता?"

म्हणजे ‘गाळा’ या खुणेत ‘नको’ आणि ‘कळलं नाही’ दोन्ही मिसळले होते. चूक माझ्या प्रश्नाची. पण आता शब्द बदलले तर मागच्या चिठ्ठ्यांशी तुलना तुटते. म्हणून प्रश्न तसाच ठेवला आणि खाली कारणाचे तीन चौकोन छापले: ‘आधीच माहीत’, ‘कळलं नाही’, ‘उपयोग नाही’. पुढच्या वेळी लोक पहिलाच चौकोन सवयीने भरतील, ही धास्ती आहे. त्यामुळे अर्ध्या चिठ्ठ्यांवर चौकोनांचा क्रम उलटा छापतोय.