दुसऱ्या हप्त्याचे 60 लाख अडकले होते, तेव्हा इन्व्हेस्टरला लिहिलेलं पत्र : माझा अनुभव

आमची छोटी कंपनी मिरजेत आहे. बेदाणा शेडमध्ये लावायचं यंत्र बनवतो, शेडमधलं तापमान आणि दमटपणा सतत मोजतं आणि हवा दमट व्हायला लागली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो, कारण रॅकवर टाकलेली द्राक्षं त्या वेळी सांभाळली नाहीत तर बेदाणा काळा पडतो आणि भाव जातो. एका फंडाने आमच्यात दीड कोटी घालायचं ठरवलं होतं. पहिले 90 लाख आले, उरलेले 60 लाख टप्पा पूर्ण झाल्यावर. टप्पा असा होता की 31 मेपर्यंत 60 "ॲक्टिव्ह पेइंग" ग्राहक. करार, पहिला हप्ता, यंत्र बसवणं, हे सगळं नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते या दोन शब्दांवर, आणि ते आठवलं की आजही राग येतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पहिलं पत्र पाठवलं. चार पानं. शेडचे फोटो, शेतकऱ्यांचे कौतुकाचे मेसेज, डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट, आणि शेवटी "लवकरात लवकर हप्ता सोडावा ही विनंती". तीन आठवडे काही उत्तर नाही. फोन केला की "रिव्ह्यूमध्ये आहे मॅडम". मग एका संध्याकाळी दोन ओळींचं मेल आलं, त्यांच्या टीममधल्या मुलाने डॅशबोर्ड उघडला होता आणि त्याला 63 पैकी फक्त 11 यंत्रं चालू दिसली, म्हणून टप्पा पूर्ण झाला असं मानता येत नाही.

अरे, पण जूनमध्ये शेड चालू असणारच कशी! आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्षं डिपिंग ऑईलमध्ये बुडवून रॅकवर पडली की एक लॉट पंधरा-वीस दिवसांत सुकतो, असे दोन-तीन लॉट निघतात आणि शेड रिकामं. नंतर शेतकरी वीज बंद करतो, यंत्राचा प्लग काढून ठेवतो. जी 11 चालू होती ती बहुतेक कुणीतरी प्लग काढायला विसरल्यामुळे चालू होती. म्हणजे आमच्या कामाचा पुरावा म्हणून तो आकडा कशाचाच पुरावा नव्हता. मला आधी त्या मुलाचा राग आला, मग करार परत वाचला आणि लक्षात आलं की "ॲक्टिव्ह" म्हणजे काय हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. सही करताना मलाही ते दिसलं नव्हतं. तुमच्या करारात टप्पा असेल तर सहीआधी तिथल्या प्रत्येक शब्दापुढे विचारा की हे मोजायचं कशावरून आणि कोणत्या तारखांना. आमचा धंदा हंगामी आहे हे त्या कागदात एका ओळीत असतं तर अर्धा त्रास वाचला असता.

आता दुसरा शब्द, "पेइंग". त्यांनी पुरावा म्हणून GSTR-1, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, मागितलं. पाठवलं, तर म्हणाले यात 60 नावं कुठे आहेत. नावं नसतातच! आमचे शेतकरी जीएसटीत नोंदलेले नाहीत, आणि अशा ग्राहकांची छोटी बिलं GSTR-1 मध्ये एकेक करून जात नाहीत, एकत्र आकडा जातो. त्यामुळे एकूण विक्री त्यातून दिसते, कोणी घेतलं ते दिसत नाही. हे समजावण्यात आणखी आठ दिवस गेले. ज्यांचे ग्राहक शेतकरी किंवा घरगुती आहेत त्यांनी जीएसटीच्या भरवशावर राहू नका, बिल आणि बँक स्टेटमेंट यांची जोडी करून ठेवा.

ती जोडी करायला बसले तेव्हा आमचाच गोंधळ बाहेर आला. पाच जणांनी पैसे पार्टनरच्या खाजगी मोबाईल नंबरवर टाकले होते, शेडवर उभं राहून "ताई, कुठल्या नंबरला टाकू" असं विचारल्यावर कोणीतरी पटकन तोच नंबर सांगितला होता. पैसे नंतर कंपनीच्या खात्यात आले, पण पाचही एकत्र, एकाच रकमेत. मग पार्टनरच्या खात्याची ती पानं काढली, प्रत्येक एंट्रीसमोर बिल नंबर लिहिला आणि कंपनीत भरल्याची तारीख दाखवली. पहिल्या दिवसापासून कंपनीचाच क्यूआर वापरा, मग हे पान कुणाला दाखवावं लागत नाही.

जुलैच्या 7 तारखेला दुसरं पत्र गेलं. फक्त दीड पान आणि मागे एक तक्ता. त्यात पहिल्याच ओळीत मी लिहिलं : "करारात 60 ठरले होते. 31 मे रोजी यंत्र बसवलेली शेड 63. त्यांपैकी पूर्ण पैसे जमा 47, अर्धे जमा 9, उधारीवर 7. म्हणजे टप्प्याला 13 कमी आहेत." हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पार्टनर म्हणत होता, 63 सांग, ते मोजत बसणार नाहीत. पण ते मोजणारच होते, तेव्हा कमी आकडा आपणच सांगितलेला बरा, असं मला वाटलं आणि मी तसंच ठेवलं.

पुढच्या परिच्छेदात पैसे का राहिले ते. यंत्राची किंमत 18,000 रुपये. 16 जणांकडून एकूण 2 लाख 7 हजार येणं होतं. हे लोक बुडवणारे नाहीत, त्यांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला आहे, भाव चढला की काढणार, साधारण दिवाळीपर्यंत. सहाजणांकडून कोल्ड स्टोरेजच्या पावतीचा फोटो मागून घेतला आणि जोडला. मग "ॲक्टिव्ह"ची व्याख्या मीच मांडली : हंगामात किमान 30 दिवस यंत्राने माहिती पाठवलेली असावी. तक्त्यात प्रत्येक शेडसमोर फक्त पाच गोष्टी, गाव, बिल नंबर, पैसे जमा झाल्याची तारीख, यंत्राचा पहिला सिग्नल आणि शेवटचा सिग्नल. पूर्ण पैसे दिलेली 47 च्या 47 शेड 30 दिवसांच्या वर होती. फोटो एकही नाही. आणि एक ओळ टाकली की यातली कोणतीही नावं तुम्ही निवडा, फोन करा किंवा येऊन बघा, आम्ही आधी त्यांना सांगणार नाही.

त्यांनी सहा निवडली, चौघांना फोन, तासगाव भागातल्या दोघांकडे स्वतः आले. पहिल्या शेडवर तोच मुलगा होता, त्याने विचारलं यंत्र बंद का आहे. शेतकरी काका म्हणाले, "आता शेड रिकामं हाय, बेदाणा कोल्ड स्टोरेजला गेला, यंत्र चालू ठिवून काय करू? फेब्रुवारीत या की." एवढंच. जे मी तीन मेलमध्ये पटवू शकले नव्हते ते तिथे एका मिनिटात पटलं.

आता तारखेचं. पहिल्या पत्रात मी तारीखच दिली नव्हती, "लवकरात लवकर" म्हटलं होतं, आणि इकडे स्टाफला दर आठवड्याला "पुढच्या आठवड्यात" सांगत होते. दुसऱ्या पत्राआधी आमच्या सीएसकडे, म्हणजे कंपनी सेक्रेटरीकडे, बसून उलटं मोजलं तेव्हा कळलं की त्यांनी आज हो म्हटलं तरी पैसे उद्या येत नाहीत. आकडा कमी असल्याने आधी करारात दुरुस्तीचं पत्र, त्यावर सगळ्यांच्या सह्या. मग फंडाला नवे शेअर देण्यासाठी सभासदांची सभा, तिची नोटीस 21 दिवसांची, कमी दिवसांत घ्यायची तर 95 टक्के भांडवलाची संमती हवी. माझे 52 टक्के, पार्टनरचे 24, फंडाचे 18, आणि आतेभावाचे 6. म्हणजे दादाची सही नसेल तर 94 च होतात! त्याला त्याच रात्री फोन केला, तो म्हणाला कागद पाठव, सही करून देतो. सभेचा विशेष ठराव कंपनी रजिस्ट्रारकडे MGT-14 फॉर्मने दाखल, त्यानंतरच PAS-4 म्हणजे ऑफर लेटर फंडाला द्यायचं, मग पैसे वेगळ्या बँक खात्यात, मग शेअर वाटप, मग त्या वाटपाची माहिती देणारा PAS-3 फॉर्म. आणि हे नीट लक्षात घ्या, PAS-3 दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. मी पैसे खात्यात दिसले की पगार करायचे असं धरून चालले होते.

म्हणून पत्रात दोन तारखा लिहिल्या. "आपला निर्णय 18 जुलैपर्यंत झाल्यास रक्कम 22 ऑगस्टपर्यंत खात्यात येईल आणि 29 ऑगस्टपासून वापरता येईल." खाली कोणत्या कामाला किती दिवस, आणि ते काम कोणाकडे, त्यांच्याकडे की आमच्याकडे. मागणीसुद्धा बदलली : 60 पैकी 45 लाख आता, 15 लाख उरलेले 13 ग्राहक पूर्ण झाल्यावर, 15 नोव्हेंबरपर्यंत. पूर्ण 60 मागितले असते तर परत व्याख्येवर भांडत बसलो असतो.

त्यांच्या मॅडमचा फोन 16 जुलैला आला, 45 ला हो. मला एवढं हलकं वाटलं की मी घरी न जाता तशीच कृष्णाघाटावर जाऊन बसले. दुरुस्तीच्या पत्राला मात्र त्यांच्या वकिलाकडे नऊ दिवस लागले, मी पाच धरले होते, आणि तेच पुढे सरकत गेलं. पैसे 22 ऐवजी 26 ऑगस्टला आले, PAS-3 1 सप्टेंबरला दाखल झाला. 22 ची तारीख चुकतेय हे दिसलं त्याच दिवशी, म्हणजे 11 ऑगस्टला, मी मेल करून नवीन तारीख आणि कारण कळवलं होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. जुलैचे पगार मी घरच्या पैशातून केले होते, ऑगस्टचे 7 सप्टेंबरला वेळेवर झाले.

हो, एक राहिलं, शेअरचं वाटप पैसे आल्यापासून 60 दिवसांत करावंच लागतं, नाहीतर पैसे परत द्यावे लागतात, त्यामुळे कागद तयार नसताना "आधी पैसे पाठवून ठेवा" असं फंडाला सांगू नका. आमच्या पार्टनरने ते सुचवलं होतं, सीएसने अडवलं.

उरलेल्या 16 पैकी चौघांनी आत्तापर्यंत पूर्ण पैसे भरलेत, अजून नऊ पाहिजेत. त्यांची यादी दर शुक्रवारी फंडाला जाते, त्याच पाच रकान्यांत.