फोटो गेला, मजकूर उरला

गिरगावातल्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. गणपती आटोपले की गावाहून परतलेली माणसं येऊ लागतात. सोबत म्हातारी आई किंवा वडील आलेले असतात आणि त्यांचं एखादं औषध हमखास गावी राहिलेलं असतं. त्या रविवारी सकाळी आलेले काका असेच. आईला कुडाळहून आदल्या दिवशी आणलं होतं. हृदयाच्या गोळ्या पिशवीत आल्या, पण थायरॉइडची बाटली राहिली. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी, बाकीच्या औषधांपासून वेगळी घ्यायची असते, म्हणून आईंनी ती पलंगाजवळच्या फडताळात ठेवली होती. डॉक्टरांची चिठ्ठीही गावीच.

काकांनी मोबाइल पुढे केला. मे महिन्यात त्यांच्या मुलाने बाटलीच्या लेबलचा फोटो काढला होता आणि फोटोतला मजकूर मोबाइलवरच कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकला होता. पुढे पावसात त्याचा मोबाइल भिजून बंद पडला, फोटो गेला. उरला तो हा मजकूर:

```
Thyroxine Sodium Tablets IP
125 mcg
Store below 250C. Protect from light
```

त्याखाली बॅच नंबर आणि मुदतीचा महिनाही होता. काका म्हणाले, "ताई, लेबलवरचंच आहे सगळं, आमच्या मनाचं काही नाही. १२५ची द्या."

माझी नजर तिसऱ्या ओळीवर अडकली. २५० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा असं कुठलंही लेबल सांगणार नाही. मूळ लेबलवर २५ अंश असणार आणि अंशाचं ते बारीक वर्तुळ मोबाइलने शून्य म्हणून वाचलेलं. म्हणजे या वाचनात बारीक खुणा बिघडल्या होत्या, एवढं नक्की. मग वरच्या ओळीत एखादा दशांशबिंदू गळला नसेल कशावरून? गोल बाटलीवर लेबल वळतं, त्यावर उजेड चमकतो आणि सगळ्यात आधी दिसेनासा होतो तो बिंदूच.

थायरॉक्सिनच्या बाबतीत ही शंका फार महत्त्वाची, कारण १२.५ आणि १२५ मायक्रोग्रॅम या दोन्ही ताकदीच्या गोळ्या बाजारात मिळतात. १२५ची गोळी मुळात निघतच नसती, तर दुकानात शोधतानाच चूक उघडी पडली असती. इथे दोन्ही बाटल्या आमच्या कपाटात होत्या. म्हणजे दहापट चूक झाली तरी ती कुठेही अडणार नव्हती.

मी आईंबद्दल विचारलं. वय अठ्ठ्याहत्तर, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, हृदयात स्टेंट. ज्याची थायरॉइड ग्रंथी जवळपास काहीच काम करत नाही अशा प्रौढाला साधारणपणे किलोमागे रोज १.६ मायक्रोग्रॅम लागतं. त्या हिशेबाने या वजनाला पूर्ण डोससुद्धा ७२च्या आसपास येतो. वयस्कर हृदयरुग्णाला तर डॉक्टर १२.५ किंवा २५पासून सुरुवात करून सावकाश वाढवतात. एकदम १२५ गेलं तर छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं, ठोके अनियमित होणं, छातीत दुखणं, यातलं काहीही होऊ शकतं. आणि ते पहिल्याच दिवशी दिसेल असंही नाही. हे औषध रक्तातून अर्धं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. रोज साठत जातं आणि बंद केल्यावरही लगेच उतरत नाही.

काका हुशार गृहस्थ. ऐकून लगेच म्हणाले, "मग १२.५च असणार. ती द्या."

यालाही मी नाही म्हटलं. माझ्या हिशेबाने १२५ वर शंका घेता येत होती, पण त्या जागी कोणता आकडा ठेवायचा हे त्यातून निघत नव्हतं. मजकुरातली एक खोट सापडली म्हणून आपण दुसरा आकडा त्यात भरला, तर तोही लेबलवर न पाहिलेलाच आकडा होतो. असा सुधारलेला मजकूर तर जास्तच फसवतो, कारण तो विचारपूर्वक तपासल्यासारखा वाटतो.

"पण उद्याची गोळी चुकेल त्याचं काय?" ही त्यांची काळजी खरी होती. मी त्यांना सांगितलं, जे औषध आठवडाभरात अर्धं होतं, ते एक-दोन दिवस न घेतल्याने स्थिर असलेल्या माणसाला सहसा काही होत नाही. हृदयाच्या गोळ्या मात्र एकही चुकवू नका. हाच खुलासा इन्सुलिन किंवा फिटच्या औषधाबद्दल मला देता आला नसता. तिथे थांबणंही धोक्याचं, त्यामुळे लगेच एखाद्या डॉक्टरला गाठावं लागलं असतं.

घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे होती. काकांनी दुकानातूनच फोन लावला. मी त्यांना एकच विनंती केली: आपल्याकडचा आकडा आधी सांगू नका. "१२५ आहे का बघा" असं विचारलं की माणूस १२५ शोधतो आणि त्याला तोच दिसतो. वहिनींनी बाटली उजेडात धरायची, फिरवायची, आणि आकडा जसा आहे तसा, मधलं टिंब आणि पुढचं एकक धरून वाचायचा. लेबलवर ताकद दोन ठिकाणी असते, पुढे नावाजवळ आणि बाजूला घटकांच्या ओळीत. दोन्हीकडचं वाचायचं.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "हय तर दोन बाटल्यो आसत!"

ही शक्यता ना काकांच्या डोक्यात होती, ना माझ्या. एका बाटलीवर बारा पॉइंट पाच, तळाशी थोड्या गोळ्या. दुसरीवर पंचवीस, अर्धी संपलेली. दोन्हीकडे एकक मायक्रोग्रॅमच. काकांचा पुतण्या त्याच संध्याकाळी कोकणकन्याने निघणार होता. वहिनींनी दोन्ही बाटल्या आणि फडताळातले कागद त्याच्याकडे दिले.

सोमवारी सकाळी बाटल्या माझ्या काउंटरवर आल्या. ग्रुपवरच्या मजकुरातला बॅच नंबर मी एकेक अक्षर लावून पाहिला. तो १२.५च्या बाटलीशी जुळला. बिंदू होता, पण फिका छापलेला आणि लेबलच्या वळणावर. फोटो कोणत्या बाटलीचा हे त्यातून कळलं. आई सध्या काय घेतात हे मात्र कळलं नाही. ते कागदांत सापडलं: जुलैतला थायरॉइडच्या टीएसएच तपासणीचा रिपोर्ट आणि त्यानंतरच्या तारखेची चिठ्ठी, तीवर २५ मायक्रोग्रॅम. तरी दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून दवाखाना उघडल्यावर काकांनी कुडाळला डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, जुलैपासून रोज २५ची एकच गोळी, जुनी बंद.

म्हणजे मोबाइलने बिंदूसकट अचूक वाचलं असतं, तरी तो मजकूर मे महिन्याचाच राहिला असता. आदल्या दिवशी आम्ही अंदाजाने १२.५ दिली असती, तर वाढवलेला डोस निम्म्यावर आला असता आणि ते पुढच्या तपासणीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं.

चालू बाटलीत गोळ्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी काकांना काही विकत घ्यावंच लागलं नाही. जुन्या बाटलीवर मी आडवी रेघ मारून "बंद" लिहिलं. चिठ्ठी त्यांनी पाकिटात ठेवली. मग आठवण झाली, तसा त्यांनी बदलापूरला बहिणीला फोन लावला. पुढच्या आठवड्यात आई तिच्याकडे जाणार होती आणि ग्रुपवरचा तो मजकूर तिने आपल्या वहीत उतरवून ठेवला होता. "ती ओळ खोड," काका सांगत होते, "आणि आता काही लिहू नकोस. बाटली आईबरोबर पाठवतो, ती हातात आली की मग लिही."