कोल्ह्याची छत्री नेमकी कुणीकडे

लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी आम्ही एआय मॉडेलकडून जलरंगासारखी दिसणारी चित्रं करून घेत होतो. लेखिकेने पसंत केलेल्या चित्रात पावसात छत्री धरून उभा असलेला कोल्हा होता, गळ्यात निळा मफलर. छपाईसाठी तेच चित्र मोठं आणि स्वच्छ हवं होतं, आणि तेव्हा कळलं की आमच्याकडे त्याची फक्त छोटी जेपीजी उरली आहे. मूळ पीएनजी फाइलमध्ये सगळी सेटिंग्ज आपोआप लिहिलेली असतात, पण सहकाऱ्याने जागा वाचवायला ती रूपांतरित करून उडवली होती. जेपीजीतून ती माहिती गेली होती. चित्रात काय हवं ते सांगणारा मजकूर, म्हणजे प्रॉम्प्ट, वहीत होता. नशिबाने फाइलच्या नावात सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, राहिला होता: 2718104456.

प्रॉम्प्ट आहे, सीड आहे, मॉडेलची फाइलही तीच आहे, मग दहा मिनिटांचं काम, असं वाटलं. माझ्या मशीनवर मॉडेल चालवणारं ComfyUI उघडलं, सगळं भरलं आणि चित्र आलं. त्यात कोल्हा होता, पण डावीकडे बसलेला, आणि मागे डोंगर. मूळ चित्राशी त्याचा काही संबंधच नव्हता.

सीड म्हणजे चित्र नव्हे. त्या आकड्यावरून यंत्र सुरुवातीचा गोंगाट तयार करतं, आणि त्या ठिपक्यांतून पायरीपायरीने चित्र उकलत जातं. आमचं 512x768 चं चित्र आतमध्ये 64x96 च्या चार थरांच्या छोट्या जाळीवर बनतं. ही जाळी सुरुवातीला वेगळी भरली गेली, तर मांडणीच वेगळी होते. ComfyUI हा गोंगाट सीपीयूवर बनवतं. सहकाऱ्याकडच्या AUTOMATIC1111 या दुसऱ्या प्रोग्राममध्ये तो ग्राफिक्स कार्डवर बनत होता. आकडा एकच, पण यादृच्छिक संख्या काढणारं यंत्र वेगळं, म्हणून जाळी वेगळी.

"मग माझ्याच मशीनवर करून बघ," सहकारी म्हणाला.

तिथे पहिल्याच फटक्यात कोल्हा मधोमध उभा राहिला, छत्रीसकट. मला हायसं वाटलं, कारण मांडणी जुळली म्हणजे गोंगाट जुळला. पण छत्री उजवीकडे कललेली होती आणि मफलर गायब. मी सवयीने DPM++ 2M Karras हा सॅम्पलर निवडला होता.

सॅम्पलर म्हणजे गोंगाटातून चित्राकडे कसं उतरायचं, त्याची रीत. काही सॅम्पलर सरळ उतरतात. त्यांच्या पायऱ्या वीसच्या तीस केल्या तरी चित्र फारसं हलत नाही, फक्त नीटस होतं. Euler a हा सॅम्पलर मात्र प्रत्येक पायरीवर थोडा नवा गोंगाट मिसळतो. हा गोंगाटही सीडवरूनच येतो, त्यामुळे त्याच सेटिंग्जला चित्र पुन्हा तेच येतं; पण पायऱ्या बदलल्या की वाट बदलते आणि तपशील दुसरे होतात. सहकाऱ्याला Euler a वापरल्याचं पुसटसं आठवत होतं, पायऱ्या आठवत नव्हत्या. तीसला मफलर आला, पण लाल. वीसला तो निळा झाला आणि छत्री डावीकडे वळली. मी खुर्चीतून उठलोच.

तरीही कान जास्त काळे, पावसाच्या रेषा जास्त ठळक. मांडणी आणि तपशील जुळून रंग आणि कडा बिनसतात, तेव्हा मी गायडन्स स्केलकडे, म्हणजे CFG scale कडे बघतो. प्रत्येक पायरीवर मॉडेल दोनदा अंदाज करतं, एकदा प्रॉम्प्टसह आणि एकदा प्रॉम्प्टशिवाय, आणि त्या दोहोंतला फरक या आकड्याने गुणला जातो. आकडा चढवला की चित्र प्रॉम्प्टला अधिक चिकटतं, पण रंग भडकतात, आणि जलरंगाची ती पाणीदार फिकट कड आधी जाते. मी 7 वर होतो. 5 वर कागदाचा पोत छान उमटला, पण छत्रीची काडी हरवली. 6 वर सगळं बसलं.

नव्या चित्रावर जुनी जेपीजी ठेवून दोहोंतला फरक दाखवणारा थर काढला; जिथे फरक नाही तिथे तो काळा दिसतो. जवळजवळ पूर्ण काळा, मधूनमधून किंचित ठिपके. थोडा दोष जेपीजीचा. शिवाय गणित वेगाने करणारं xformers चालू असताना दोन फेऱ्यांतही इतका बारीक फरक पडू शकतो.

मोठं करताना मात्र मी मूळ आकाराला हात लावला नाही. 512x768 बदललं असतं तर जाळी बदलली असती आणि पुन्हा दुसराच कोल्हा आला असता. तयार चित्रच वाढवून, चित्रावरून चित्र काढणाऱ्या img2img मधून, ते थोडंच बदलेल अशा 0.3 डीनॉइझिंगवर काढलं. कड फिकटच राहिली. पाठवताना चित्राशेजारी एक मजकूर फाइलही ठेवली:

```
Steps: 20, Sampler: Euler a, CFG scale: 6,
Seed: 2718104456, Size: 512x768
```

तिच्याखाली सहकाऱ्याने मॉडेलच्या फाइलचं नाव आणि गोंगाट ग्राफिक्स कार्डवर बनला हे सांगणारं "RNG: GPU" असं लिहिलं.